गोळ्या फार झाल्याबाबत

सांगितलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, हा धडा सिंधूबाईंनी शाळेत जन्मभर गिरवून घेतला. म्हातारपणी तो त्यांच्याच मुळावर आला. अमरावतीच्या डॉक्टर शाकीब यांच्या बीपीच्या नि झोपेच्या गोळ्या त्या नेमाने घेत. उन्हाळ्यात अकोल्याला मुलाकडे, केयूरकडे राहिल्या, तिथे डोकं दुखलं आणि बीपीही वाढलेलं निघालं म्हणून तिथल्या डॉक्टरांनीही गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी जुन्या सोडल्या नाहीत आणि नव्याही इमानाने चालू ठेवल्या.

आता उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. परवा तर न्हाणीघरात नळ हाती लागला म्हणून वाचल्या. केयूरने फोनवर निकालच लावला, "रविवारी तुले न्यायले येऊन राहिलो. सामान बांधून ठेव. एकटीनं राहायचं नाही आता." शेजारच्या मंजुषाचा सल्ला तर त्याहून तिखट, "फेकून द्या साऱ्या!" पण बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करण्याइतक्या बाई वेड्या नव्हत्या.

खरी अडचण निराळीच होती. अकोल्याचं त्यांनी डॉक्टर शाकीबांपासून लपवलं होतं. इतक्या वर्षांचा घरचा डॉक्टर, त्याला सोडून दुसऱ्याकडे गेलो हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तोंडाने जमेना, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. 'विषय : गोळ्या फार झाल्याबाबत. आपणांस न कळवता अकोल्याचे औषधही घेत आहे, क्षमस्व. उठताना भोवळ येते. साऱ्या गोळ्या एकदा तपासून, लागतील तेवढ्याच ठेवाव्यात, ही विनंती.'

दवाखान्यात अर्ज आणि गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवून बाई बसल्या. वाचता वाचता डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली. छडी खाणाऱ्या पोराचा जीव कसा होतो, ते बाईंना या वयात कळलं.

डॉक्टरांनी बीपी बसवून मोजलं, मग उभं करून. उभ्याने ते बरंच उतरलं. त्यांनी पिशवी उपडी केली, पाकिटं उलटून बारीक अक्षरं वाचली आणि दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली.

"बाई, नाव निराळं, कंपनी निराळी. आतलं औषध एकच! बीपीची गोळी तुमी डबल घेऊन राहिल्या. लपवलं काहून?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"अन् तुमी पडून मांडी मोडली असती, मंग मले चांगलं वाटलं असतं?" आवाज चढला तसाच खाली आला. "मीबी कधी इचारलं नाही, दुसरं काही घेता का म्हणून."

एक पाकीट बाद झालं. पित्ताची गोळी अकोल्याच्या डोकेदुखीच्या गोळ्यांपुरती होती; त्या संपल्या होत्या, म्हणून तीही गेली. झोपेची मात्र एकदम नाही, हळूहळू कमी करायची. आठ दिवस बीपी लिहून आणायचं, उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं. भोवळ जाईलच, असं वचन डॉक्टरांनी दिलं नाही. बाईंना तेच खरं वाटलं.

संध्याकाळी केयूरचा फोन. "आई, सामान बांधलं ना?"

"गोळ्यांचं बांधलं," बाई म्हणाल्या, "माझं आठ दिवस राहू दे."