भिंतीचा दिवसाचा रंग

भिंतीवर डाग माझ्याच डोक्याचा पडला होता. दुपारी नातीला मांडीवर घेऊन मी हॉलमधल्या भिंतीला टेकून बसते. केसांना खोबरेल तेल असतं. दोन वर्षांत तिथे ताटलीएवढा तेलकट गोल उमटला. मला तो रोज दिसायचा. मुलाला आणि सूनबाईला दिसला तो त्या आठवड्यात, कारण रविवारी सूनबाईचे आईवडील नाशिकहून येणार होते.

सूनबाई नुसतं म्हणाली, "आई, तिथे थोडं टचअप करून घेऊ या." पण बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं मला पुरलं. विहीणबाई येऊन बसल्या की पहिली नजर त्या भिंतीवर जाणार आणि मग माझ्या डोक्यावर. मला तो डाग जायला हवा होता, आणि गेला हे कळूही नये असा जायला हवा होता.

आम्ही चंदीगडला एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. रंग मालकीणबाईंनी आम्ही येण्याआधीच दिलेला, त्याचं नाव त्यांना आठवेना. मुलाने बुधवारी रात्री जेवणाआधी फोनवर भिंतीचा फोटो काढला आणि मार्केटातल्या रंगाच्या दुकानदाराला पाठवला. लगेच उत्तर आलं.

"बदामी म्हणतोय. उद्या डबा पाठवतो," मुलगा म्हणाला.

मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "बदामी नाही रे. दुधीसारखा आहे. हिरवट."

"आजी, दूध तो व्हाइट होता है," नात म्हणाली. ती मराठीत सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते.

"दूध नाही गं, दुधी. भाजीचा. सोलल्यावर आत कसा असतो तसा."

मुलाने फोन माझ्यापुढे धरला. "बघ. ह्यात कुठे हिरवट आहे?"

फोटोत भिंत खरंच बदामी होती. आमच्या हॉलमधले सगळे दिवे पिवळे आहेत. सूनबाईला पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटतो. दोघं सकाळी आठला पडदेही न उघडता निघतात आणि अंधार पडल्यावर येतात. पडदे मी उघडते. त्या भिंतीला दिवसभर उजेडात पाहणारी घरात मी एकटीच. पण हे त्यांना कसं सांगायचं? मी चौथी शिकलेली, आणि मुलगा दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा.

तरी एक करून पाहिलं. आमच्याकडे साडीवर ब्लाउजपीस घ्यायचं तर बायका दुकानातल्या बल्बखाली कधी घेत नाहीत. कापड आणि पदर घेऊन दारात येतात, उजेडात धरतात. मी नातीच्या चित्रकलेच्या वहीतला कोरा कागद भिंतीला लावला आणि मुलाला म्हणाले, "आता काढ फोटो."

त्याने काढला. फोटोत कागदही बदामी आला.

"बघ, कागद पांढरा आहे ना? मग तोही पिवळा का दिसतो?"

मुलगा हसला. "आई, कागद जुना असेल."

वही सोमवारी आणली होती. मी कागद घडी घालून ठेवून दिला.

गुरुवारी डबा आला. मुलाने भांड्याच्या साबणाने डाग धुतला, प्रायमर लावला, तो वाळल्यावर वरून रंग लावला. पिवळ्या दिव्याखाली डाग कुठे होता ते शोधूनही सापडेना. "पक्का मॅच!" तो सूनबाईला म्हणाला. मग मला म्हणाला, "काय आई? कुठे गेला तुझा दुधी?" सूनबाईही हसली. मीही हसले. हसायला काय लागतं.

शुक्रवारी ते गेल्यावर मी पडदे उघडले. हिरवट भिंतीवर परातीएवढा पिवळा तुकडा. कोणीतरी वरण फेकल्यासारखा. तेलाचा डाग त्याच्यापुढे सभ्य होता.

मी फोटो काढून मुलाला पाठवला. त्याचा फोन आला. "आई, मी मीटिंगमध्ये आहे. खिडकीचा उजेड पडला असेल त्यावर. रात्री बघतो." रात्री काय बघणार होता? रात्री तर ते जुळतच होतं. मला इतका राग आला की मी हातातला झाडू भिंतीला टेकवायचा सोडून आपटला. नंतर तो उचलूनही ठेवला, कारण उचलणारी मीच.

दारामागे खिळ्याजवळ रंगाची खपली उचलली होती. विळीच्या टोकाने ती रुपयाएवढी काढली, रुमालात बांधली, आणि नात शाळेत होती तोवर मार्केटात गेले. मी भाजीच्या रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर, बोलते, बाकी कुठे तोंड उघडत नाही. दुकानासमोरून दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा आत शिरले.

"आओ जी माताजी," दुकानदार म्हणाला.

मी रुमाल उघडला. "ये रंग. बदामी नहीं. दुधी."

"दूधिया? हां जी, मिल्की व्हाइट," म्हणत तो पांढऱ्या डब्याकडे वळला.

"नहीं, नहीं. दुधी. दुधी!" दुसरा शब्दच सुचेना. इतकी वर्षं रेहडीवरून तीच भाजी घेते, आणि ऐन वेळी नाव गेलं. मी बाहेर रेहडीकडे बोट केलं.

त्याने मान लांब करून पाहिलं. "घीया? ओ माताजी, घीया बोलो ना!" तो जोरात हसला. "घीये के अंदर का रंग?"

"हां," मी म्हणाले. "अंदर का."

मग मात्र त्याने काम नीट केलं. शेड कार्डांचा पंखा घेतला आणि मला म्हणाला, "बाहर आओ जी, अंदर ट्यूब है." ओट्यावर, ऊन नव्हतं पण उजेड होता तिथे, त्याने खपलीची रंगाची बाजू पुसली आणि एकेक पट्टीला लावून पाहिली. चौथ्या पट्टीवर खपली दिसेनाशी झाली. "मेरी गलती नहीं है," तो म्हणाला. "फोटो में तो बदामी ही थी. बेटे को बोलो, दिन में खींचा करे." पट्टीवर इंग्रजीत नाव होतं. मला वाचता येईना, म्हणून मी नंबर लिहून घेतला. त्याने मशीनमधून पांढऱ्या रंगात थेंब सोडले आणि सगळ्यांत लहान डबा हलवून दिला.

रात्री मुलाने झाकणावरचा ठिपका दिव्याखाली धरला. "आई, हा तोच तर आहे. उगाच गेलीस."

"नंबर वेगळा आहे."

"नंबर वेगळा, रंग तोच. बरं, लाव. दुसरा कोट तसाही लागतोच."

मी वाद घातला नाही. शनिवारी सकाळी ते दोघं मोहालीला सामान आणायला गेले तेव्हा पडदे सारून मी दोन हात दिले. वाळल्यावर जवळून पाहिलं तर कड दिसत होती. चार पावलं मागे गेलं की नाही.

रविवारी भर दुपारी विहीणबाई त्याच भिंतीसमोर बसल्या. सगळे पडदे उघडे होते. त्यांनी चहा घेतला, नातीची वही पाहिली, आमच्या फ्लॉवरच्या भाजीची चौकशी केली. भिंतीकडे कोणी पाहिलं नाही. मला हवं होतं ते झालं.

त्या गेल्यावर मुलगा भिंतीपाशी उभा राहिला. हात फिरवला. "बघ आई, मी म्हणत होतो ना? दुसरा कोट बसला की बदामी बरोबर मिसळतो."

सूनबाई म्हणाली, "हो, आता कळतच नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी कप उचलले आणि आत गेले. तो रंग बदामी नव्हता, हे मी इथे लिहून ठेवते. अजूनही नाही. तिथे टेकून बसायचं मात्र मी सोडलं आहे.