निरांजनाची बाजू

आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच सकाळी देव पुसताना तिचा संगमरवरी गणपती माझ्या हातून निसटला. सोंड आणि एक कान लादीवर वेगळे पडले. तुकडे गोळा करताना कान पुन्हा खाली पडला.

आई शकुन-अपशकुन मानण्यात पक्की. आधीची तारीख तिनं पूजेत निरांजन विझलं म्हणून मोडली होती. त्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता पुढे ढकलाल तर पुन्हा तारीख द्यायची वेळच येणार नाही. देव भंगला हे कळलं असतं, तर ती परळच्या हॉस्पिटलातल्या खाटेवरून उठून टॅक्सीनं सरळ गिरगावात आली असती. आणि हॉस्पिटलात गेल्यापासून रोज सकाळी तिला पूजेचा फोटो लागायचा. जुना दाखवून भागलं नसतं. फुलं आजची आहेत का, हे ती आधी बघायची.

फोटोंतल्या वस्तू बदलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जाहिरातीतल्या टेबलावरची किटली काढून तिथे दुसरी ठेवायची आणि ती तिथलीच वाटायला हवी. त्यात मी कुणाला हार जात नाही, असा माझा तोरा. त्या दिवशी मात्र तोरा कुठच्या कुठे गेला.

गणपतीचा भंगलेला देह आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला. फुलं वाहिली, निरांजन लावलं, रिकाम्या जागेसकट देव्हाऱ्याचा फोटो काढला आणि संगणकावर घेतला. जुन्या फोटोंतला गणपती उचलण्याआधी आजचा उजेड वाचायला हवा होता. घाईत हेच चुकतं. वस्तू आवडली म्हणून घेतात आणि मग ती चिकटवल्यासारखी दिसते.

घंटेची सावली उजवीकडे पडली होती, कडा विरघळलेल्या. म्हणजे उजेड डावीकडच्या खिडकीतून, मोठा आणि मऊ. आमच्या गल्लीत सकाळी ऊन उतरत नाही, नुसतं आभाळ उजळतं, त्यामुळे तो निळसर असतो. खात्रीसाठी खिडकीकडच्या तगरीच्या फुलाचा रंग मोजला. पांढऱ्या पाकळीत लालपेक्षा निळा थोडा जास्त निघाला.

रोजच्या पूजेच्या फोटोंत गणपतीच्या अंगावर त्या त्या दिवसाची फुलं होती, ते चालणार नव्हते; बिनफुलांचे, कामाचे असे तीनच फोटो होते. दिवाळीतला पणत्यांनी खालून पिवळा झालेला, तो बाद. दुसऱ्यात डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे सोंडेखाली काळी सावली, तीही पुसून जाणार नाही. तिसरा श्रावणातला, पूजेआधी काढलेला. उजेड डावीकडून, मऊ, निळसर. रंग थोडा हलवता येतो, पण उजेडाची बाजू फिरवता येत नाही. म्हणून तोच घेतला. पायाशी पुसटशी सावली दिली, कपाळावर आजचं जास्वंद ठेवलं. मला स्वतःलाच जोड सापडेना. तेवढ्यापुरती भीती कमी झाली.

परळला पोचले तेव्हा आईला हिरवा गाऊन घातला होता. तिनं चष्मा मागितला आणि फोन हातात घेतला. आधी फुलं पाहिली. मग दोन बोटांनी गणपतीचा चेहरा मोठा केला.

तेव्हा मला दिसलं. त्याच्या उजवीकडे, अगदी लगत निरांजन जळत होतं. शेजारच्या तांब्याची कड त्या ज्योतीनं सोनेरी झालेली, आणि तांब्याइतक्याच अंतरावर बसलेल्या गणपतीच्या त्या बाजूला पिवळा ठिपकासुद्धा नाही. श्रावणातल्या फोटोत निरांजन लावलेलंच नव्हतं. खिडकीच्या नादात मी समोर जळणारा दिवा विसरले होते.

आई बघतच राहिली. आता ही खाटेवरून खाली उतरणार, असं वाटलं.

"जास्वंद छान मिळालं," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला. आई तिच्यावर आडवी झाली, चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी ट्रॉलीबरोबर चालत होते. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी तिनं माझं मनगट धरलं.

"रोज ह्या वेळेला त्याच्या गालावर निरांजनाचं पिवळं असतं, बाय. इतकी वर्षं बघत्ये मी."

मी ट्रॉलीचा कठडा धरला.

"सोडलास का त्याला पाण्यात?"

"नाही. तुझ्या लुगड्यात ठेवलाय."

"राहू दे. मी आले की दोघी जाऊ चौपाटीवर."

"आई, तू घाबरली नाहीस ना?"

"घाबरले की," ती म्हणाली. "पण तू केवढी घाबरली असशील, म्हणून बसून एवढं केलंस. मग मी कशी उठून जाऊ?"

दार उघडलं. माझं मनगट धरलेली तिची बोटं गार होती. वॉर्डबॉयनं ती हळूच सोडवली.