घरकर्जाचे पेढे

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कामगारांचा कल्याण निधी होता आणि मी त्याचा एक विश्वस्त. अकाउंट्सच्या साहेबांनी त्यातून दहा वर्षांचे बाँड घ्यायला लावले. "मुदतीपर्यंत ठेवा. नऊ टक्के चक्रवाढ, लाखाचे दोन लाख छत्तीस हजार होतील." दरवर्षी हातात येणारं व्याजही नऊ टक्क्यांनीच गुंतवलं, तरच हा आकडा जमतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिलं व्याज येईपर्यंत बँकांचे व्याजदर पडले होते. पुढे प्रत्येक व्याज वेळेवर आलं, पण बँक त्यावर सहाच टक्के द्यायची. दर पडले त्याच सुमारास साहेबांच्या घरकर्जाचा हप्ता कमी झाला आणि त्यांनी सगळ्या खात्याला आणि आम्हा विश्वस्तांनाही पेढे वाटले.

मुदत संपली तेव्हा लाखामागे दोन लाख अठरा हजार जमले, म्हणजे वर्षाला जेमतेम आठ टक्के. मी जाब विचारला, तर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाँडने नऊच दिले. व्याज कुठे ठेवायचं ते तुम्ही बघायचं होतं."

दर पडल्याचं आमच्या आधी त्यांना कळलं होतं. त्याचाच पेढा मी खाल्ला होता.