हात वर न होणाऱ्या बाईसाठी

शाळेतली नोकरी गेली तेव्हा अमरावतीच्या घरात मागच्या खोलीत मी ब्लाउज शिवायला लागले. फोनवर कामाच्या जाहिरातीचं पान काढलं. ‘उत्तम शिलाई, वाजवी दर, सर्व वयोगटांसाठी.’ महिना गेला, एकही नवीन बाई आली नाही. मी रोज शब्द बदलायचे. ‘उत्तम’ काढून ‘दर्जेदार’ घालायचे. खोलीला खिडकी नव्हती. त्या वाक्यांतही कोंडल्यासारखं व्हायचं.

अकोल्यातली चुलत बहीण दुकानांच्या जाहिराती लिहायची. तिला पान दाखवलं.

“कोनासाठी शिवून राहिली तू?”

“सगळ्याईसाठी.”

“मंग त्यातली एकच बाई सांग मले. तिचं वय, तिची अडचण, अन् ती स्वतः काय बोलते ते.”

मला भीती वाटली. एक निवडली की बाकीच्या जाणार. नवरा तर म्हणालाच, “आहे तेही गिऱ्हाईक घालवशील.”

पण एक बाई डोळ्यांपुढे होती. निवृत्त नर्स, खांदा आखडलेला, हात वर होत नव्हता. तिच्यासाठी मी खांद्यापासून बाहीपर्यंत उघडणारा, टिचबटणांचा ब्लाउज शिवला होता. ती म्हणाली होती, “दुखण्याचं काही नाही गं. रोज सकाळी सुनेला हाक मारावी लागते, त्याची लाज वाटते.”

दोन दिवस मी त्या एका वाक्यापाशी अडकून बसले. मग तिला फोन करून विचारलं, नाव न घालता तुमचं बोलणं लिहू का? ती हसून हो म्हणाली. सगळं पुसून मी लिहिलं: ‘ब्लाउज घालायला रोज कुणाला हाक मारावी लागते का? हात वर करू नका. बाही उघडते, बटणं समोरून लागतात. मापाला मी घरी येते.’

आठ दिवस फोन वाजला नाही. मला वाटलं, दार आपणच आतून लावून घेतलं. जुनं पान परत टाकायला बसले, एवढ्यात मूर्तिजापूरहून एका सुनेचा फोन आला.

“सासूबाईंनी तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. हा ब्लाउज येईपर्यंत गाऊनच घालीन म्हणतात. कधी येता?”

मी गेले. सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. हात कुठवर जातो ते पाहिलं, बटणं तेवढ्याच टप्प्यात येतील असा ब्लाउज शिवला. आठवड्याने नेऊन दिला, तेव्हा त्यांनी सुनेला आधी खोलीबाहेर काढलं. मलाही.

आतून हाक येईल म्हणून सून दाराकडे बघत उभी होती. मग टिच, टिच, टिच असा आवाज आला, आणि आपण दाराशी थांबलो होतो हे सासूबाईंना कळू नये म्हणून सून घाईघाईने स्वयंपाकघरात निघून गेली.