खिचडी वाढणारा परीक्षक

अध्यापक विद्यालयात गरजांचा त्रिकोण मी अगदी रंगवून शिकवतो. तळाला भूक, तिच्यावर सुरक्षितता, मग आपलेपणा आणि मान. अभ्यासात रमणं त्याच्याही वर.

परवा कोंडाण्याजवळच्या वाडीतल्या शाळेत माझ्या विद्यार्थिनीचा परीक्षेचा पाठ होता. परीक्षक म्हणून मी माझ्या भरघोस मिशांसह वर्गात मागे बसलो. मुलं तिच्याकडे पाहीनात. अर्धी घाबरून, वळून वळून माझ्या मिशा बघत होती, उरलेली खिचडीचा वास घेत होती. पाठ बुडायला लागला.

तिनं खडू खाली ठेवला.

"सर, तुमच्या त्रिकोणाच्या खालच्या दोन्ही पायऱ्या गायब हायेत. पाठ जेवणानंतर घेते. आन् वाढायला तुमी चला."

"अगं, मी परीक्षक!"

"म्हणून तर!"

मुख्याध्यापिकांनी हसत परवानगी दिली. वाढण्याआधी मी चव घेतली, तर एक चिमुरडी खुदकन हसली.

"आजोबा, तुमच्या मिशीनं पन खाल्ली!"

सगळी पंगत हसली, मीही हसलो.

त्यानंतर पाठ असा रंगला की एकानंही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मिशांचा हा धडधडीत अपमान होता. तरीही तिला पूर्ण गुण द्यावे लागले.