पावलावरची निळी फुली

क्रांती चौकाजवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मुंजाबा एकतीस वर्षे प्लास्टरच्या खोलीत काम करत होते. डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचे वडील मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडलेले. मुंजाबा मात्र दहावी होऊन शहरात आले आणि चुन्यासारख्या त्या पांढऱ्या भुकटीत त्यांचे हात कायमचे रमले.

त्यांची एक सवय होती. पट्टी भिजवण्याआधी ते दोन्ही पायांची नाडी बघत, एकदा पावलाच्या वर आणि एकदा आतल्या घोट्यामागे. जिथे ती लागे तिथे खिशातल्या बॉलपेनने निळी फुली काढत. नवे डॉक्टर हसायचे. त्यामागचे कारण मामा सहसा सांगत नसत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी राम नावाच्या एका पोराचा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये बांधला होता. तिसऱ्या दिवशी प्लास्टर कापले तेव्हा पाऊल काळे पडलेले होते. पाय मांडीतून काढावा लागला. कुणीही मामांना दोष दिला नव्हता, पण पट्टी त्यांच्या हातची होती.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आदिनाथला खुर्चीवर बसवून त्यांच्या खोलीत आणले. वय अठ्ठावीस, वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर काम. पहिल्या पाळीला निघालेला असताना पावणेसातच्या सुमारास मोटारसायकल घसरली होती. सोबत त्याच पाळीचा शिवराज होता. एक्स-रे स्वच्छ होता, एकही हाड मोडलेले नव्हते. डॉक्टर सुयश यांनी कागदावर ‘गुडघा मुरगळला’ असे लिहून मांडीपासून पावलापर्यंत स्लॅब, म्हणजे मागून आधार देणारे अर्धे प्लास्टर, सांगितला होता.

मामांनी टाच हातात घेऊन पाय उचलला आणि जागच्या जागी थांबले. गुडघा सरळ राहायच्या ऐवजी मागच्या बाजूला झोळीसारखा लोंबला. एवढ्या ढिल्या गुडघ्याला सूज मात्र फारशी नव्हती. उलट पोटरी ताठ लागत होती, जणू फाटलेल्या सांध्यातले रक्त खाली उतरले होते. त्यांनी डाव्या पावलावर बोटे ठेवली. नाडी ठणठणीत होती. उजव्या पावलावर तीच नाडी दूरच्या हाकेसारखी बारीक होती.

“हा गुडघा असाच आला का इथवर?” त्यांनी शिवराजला विचारले.

शिवराज खिडकीकडे बघू लागला.

“खरं बोल. निघाला होता का?”

“व्हय मामा. नडगी पार बाजूला गेलती. मी धरून ओढली तर खट्कन बसली.”

“मग बाहेर का नाय सांगितलं?”

“डॉक्टर रागावतील वाटलं. म्हणलं, बसलाय तर बसलाय.”

“लई मोठा हाडवैद्य लागून गेलास! तू बसवलास म्हणून फोटो साफ आलाय, कळतं का?”

आदिनाथ वेदनेतही म्हणाला, “मामा, त्याला शिव्या नंतर द्या. पाय राहील ना माझा?”

मामांनी त्याचा पाय अलगद खाली ठेवला. त्यांनी सुयशना बोलावले. सुयशनी पाऊल चाचपले.

“नाडी लागतेय की मामा. बोटं गरम आहेत. लावा स्लॅब.”

“लागते सर. पण या पायाची आन त्या पायाची सारखी नाय. गुडघा निखळून बसलाय, हा पोरगा आत्ता कबूल झाला. मी पट्टी गुंडाळणार नाय.”

“म्हणजे आता तुम्हाला विचारून कागद लिहायचे का मी?”

“मला नका विचारू, यंत्राला विचारा. मधुमेहाचे पाय बघतात तिथं ते नाडी ऐकायचं यंत्र हाय. पाच मिनिटं लागतील. खोटा ठरलो तर दिवसभर माझ्यावर हसा.”

सुयश क्षणभर घुटमळले, पण यंत्र आणायला गेले ते स्वतःच. दंडावर, मग दोन्ही घोट्यांवर पट्टा बांधून त्यांनी दाब मोजला. दंडाचा एकशे वीस, डाव्या घोट्याचा एकशे सव्वीस. उजव्याचा फक्त चौऱ्याऐंशी. त्यांनी पुन्हा मोजला. आकडा तोच आला. घोट्याचा दाब दंडाच्या नव्वद टक्क्यांखाली गेला की आत धोका आहे असे धरतात. इथे तर सत्तरच होता. सुयशनी पट्टा सोडला नाही, तसेच उभ्या उभ्या मोठ्या सर्जन डॉक्टर विशाखा यांना फोन लावला.

विशाखा मॅडम दहा मिनिटांत आल्या. गुडघ्यामागची मोठी रोहिणी, म्हणजे पायाला रक्त नेणारी वाहिनी, वर आणि खाली घट्ट बांधलेली असते, सांधा सरकला की ती ताणली जाते. बाहेरून ती धड दिसते, पण आतले अस्तर फाटते. काही वेळ रक्त वाहते, नाडीही लागते, मग त्या फाटीवर रक्ताची गाठ धरते आणि सगळे बंद होते. हे त्यांनी आदिनाथला सोप्या शब्दांत सांगितले. सीटी अँजिओग्राफीत नेमकी तीच फाट दिसली. तोवर रोहिणी जवळपास बुजली होती.

सव्वादहाला आदिनाथ टेबलावर होता. आधी गुडघ्याच्या वर-खाली बाहेरून सळ्या लावून सांधा स्थिर केला. रक्तवाहिन्यांच्या सर्जननी डाव्या पायातली शीर काढून रोहिणीचा फाटका तुकडा बदलला. अडलेले रक्त परतले की पोटरी आतून फुगते, म्हणून पोटरीच्या स्नायूंवरची आवरणेही कापून मोकळी ठेवली. बारा वाजायच्या आत पाऊल गुलाबी झाले. बाहेर शिवराज भिंतीला टेकून बसला होता. मामांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ते म्हणाले, “घे हाडवैद्य. पाय राहिला.”

पण नुसते रक्त वाहून माणूस चालत नाही. गुडघ्याचे आतले दोन्ही आणि बाहेरच्या कोपऱ्यातले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे दोर, तुटले होते. जखमा भरल्या, सळ्या निघाल्या, जोडलेली रोहिणी वाहते आहे हे पुन्हा तपासले आणि मग सात आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी मॅडम प्लास्टरच्या खोलीत आल्या.

“मामा, उद्या पाय तुम्ही धरायचा. कोन हलला तर सगळं वाया जाईल. आणि जोडलेली रोहिणी आहे, मांडीला रक्त रोखणारा आवळपट्टा बांधणार नाही मी. रक्त दिसेल, घाबरू नका.”

“मॅडम, एकतीस वर्षं पायच धरतोय.”

दुसऱ्या दिवशी हिरवा झगा घालून मामा टेबलाशी उभे राहिले. हाडांत भोके पाडून, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी स्नायूंच्या कंडरांचे सगळे दोर ओवून झाले, पण गच्च एकही केला नव्हता. आधी मागचा. गुडघा काटकोनात धरून, मागे ओघळलेली नडगी पुढे जागेवर आणून, तो पक्का केला. मॅडम म्हणाल्या, “पुढचा आधी आवळला असता तर नडगी मागेच अडकून बसली असती, जन्मभर.” मग पाय सरळ करून पुढचा. शेवटी गुडघा थोडा, तीस अंशांत, वाकवून बाहेरच्या कोपऱ्याचा. मामांचे हात पावणेचार तास हलले नाहीत. मधेच सुयशनी पावलावर बोटे ठेवली आणि ते म्हणाले, “नाडी छान आहे, मामा.”

अकरा महिन्यांनी आदिनाथ काठीशिवाय चालत आला. अपघातात पायाचा मज्जातंतू ताणला गेल्याने पाऊल अजून पुरते वर उचलत नव्हते, त्यासाठी बुटात आधाराची पट्टी होती. पण लेथपाशी तो पुन्हा उभा राहत होता. त्याने कुणी सांगायच्या आधीच मोजा काढून पाय पुढे केला. मामांनी नाडी बघितली आणि शिवराजने विचारले, “मामा, आता तरी हाडवैद्य नापास नाय ना?”

“तू नापासच,” मामा म्हणाले. “हा पास झाला.”

ते दोघे गेले आणि पुढचा पेशंट आत आला. नडगी मोडलेला, सुयशनी पाठवलेला. त्याच्या दोन्ही पावलांवर आधीच निळ्या फुल्या होत्या. मामांनी काढलेले बॉलपेन परत खिशात ठेवले. मग दोन्हीकडे आपली बोटे ठेवून त्यांनी नाडी पुन्हा बघितलीच, आणि दाराकडे तोंड करून हाक दिली,

“सर, डावीकडची फुली दोन सूत वर पडलीय!”