बारा म्हणजे अर्धी पोळी

आमच्या घरी अजूनही अर्धी पोळी हवी असली की "बारा दे" म्हणतात. पाहुणे बावचळतात. ही अंजूताईची देणगी. तिला पुण्याला जाऊन आता आठ महिने झाले, पण तिचे आकडे इथेच राहिले, नागपूरच्या हुडकेश्वरला, आमच्या ताटांत.

ताई तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात कामाला जायची. दोन बस बदलून, तोंडाला ओढणी गुंडाळून, तरी येताना भुवयांवर राख घेऊन. तिथला एक संच दुरुस्तीसाठी बंद होता आणि त्याची जुनी नियंत्रण यंत्रणा काढून नवीन बसवायचं काम ताईच्या कंपनीकडे होतं. बॉयलरवरच्या प्रत्येक यंत्राचा सिग्नल कंट्रोल रूमच्या पडद्यावर नीट पोचतो का, हे एकेक करून तपासायचं. वर उभा राहून तिचा सहकारी पुष्कर वायरीत करंट सोडायचा आणि वॉकीटॉकीवर ओरडायचा, "चार दिले." खाली पडद्यासमोर ताई, "शून्य." "आठ दिले." "पंचवीस." "बारा दिले." "पन्नास." असं वीसपर्यंत, म्हणजे शंभर टक्के. मग वहीत टिक आणि सही. असे सिग्नल साडेसहाशे.

ताईच्या फोनमागून ऐकलेला पुष्करचा "बारा" मी अगदी त्याच्यासारखा काढायचे, नाकातून, मागे कोळशाच्या ट्रकच्या घरघरीसकट. आई वाढता वाढता हसायची आणि तिच्याच नकळत शिकली. "वीस देऊ का बारा?" असं विचारायला लागली.

एका रविवारी सकाळी ताई अंगणात केस वाळवत होती. फोन आला, पुण्याहून, नूपुर मॅडमचा. त्या एका मोठ्या कंपनीसाठी माणसं शोधायच्या. ताईच्या दोन मुलाखती फोनवर झाल्या होत्या, दोन्ही बऱ्या गेल्या होत्या. जागा होती डिझाइनच्या टेबलावरची. गार हवेची खोली, राख नाही.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला त्यांचा आवाज पुरता मिळाला. प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून. "अंजू, टीमला तुम्ही आवडलायत हं. फक्त एकच. तुम्ही लगेच रिलोकेट होऊ शकाल ना? म्हणजे अगदी येत्या आठवड्यात? उद्या संध्याकाळपर्यंत मेलवर कळवाल?"

ताई म्हणाली, "माझा प्रोजेक्ट अजून..."

"हो हो, ते प्रत्येकाचं असतंच. मेल करा हं."

फोन बंद झाला आणि मी लगेच "अगदी येत्या आठवड्यात हं" करून दाखवलं. ताई हसली नाही. तिथेच मला कळलं की हे नेहमीसारखं नाही.

आई म्हणाली, "हो लिहून टाक वं. इतल्या उन्हात कोराडीले मरत जातं, त्याच्यापेक्षा बरं."

"आई, एकशे बारा सिग्नल बाकी आहेत. नोटीस एक महिन्याची आहे."

"मंग काय तू गेली तं वीज बंद पडन का नागपूरची?"

तेवढ्यात शेजारचे मनोहरराव कुंपणावर टेकले. निवृत्त हेडक्लार्क. सल्ला देताना आवाज खाली आणतात, जणू फाइल गोपनीय आहे. "बेटा, हे पाय. आधी हो म्हणाचं. एकदा पक्कं झालं का तारीख सरकवाची. अन् इकडे सांगाचं, घरी बिमारी आहे. होऊन जाते सब."

"काका, तिकडे जुन्या कंपनीचं सोडल्याचं पत्र मागतात. अधेमधे पळाले तर ते कोण देईल?" ताई म्हणाली.

"ते मंग पाहू ना गा," असं ते बाबांकडे बघून म्हणाले. बाबा उठून आत गेले.

पण दुपारी ताईने खरंच लिहिलं. इंग्रजीत, एकच ओळ: मी लगेच येऊ शकते. लॅपटॉपवर ती ओळ चमकत होती आणि ताई पाठवायचं बटण दाबत नव्हती. मी नूपुर मॅडमच्या आवाजात ती वाचली, मग ताईच्या. ताईच्या आवाजात ती ओळ बसेना. मी तीनदा प्रयत्न केला.

बाबा आतून आले. बाबा म्हणजे जागेश्वर, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. पण त्याआधी उमरेडला त्यांचा हातमाग होता. आमच्या जन्माआधीच तो गेला. मी फक्त बाबांच्या बोटांत पाहिलाय, ते विचार करताना मांडीवर ठोका धरतात तेव्हा.

"चंद्रकला, ते जांभळं लुगडं काढ."

आई म्हणाली, "ते काहून आता?"

"काढ तं."

आईने पेटी उघडली. बाबांनी लुगडं खिडकीच्या उजेडात धरलं. अर्ध्यावर एक आडवी रेघ होती. रेघेच्या अलीकडे वीण घट्ट, पलीकडे जराशी सैल.

"इथपर्यंत मी इनलं," बाबा म्हणाले. "शाळेचं पत्र आलं, उद्याच हजर व्हा. मी गेलो. बाकीचं माह्या भावानं इनलं. वाईट नाही इनलं. पण त्याचा ठोका त्याचा, माहा माहा. व्यापाऱ्यानं बोट फिरवलं अन् परत केलं."

आई म्हणाली, "मी नेसते ना ते."

"नेसतं. रेघ निऱ्यांत घालून नेसतं."

आईने लुगड्याचा काठ हातात घेतला.

"मंग नको जाऊ म्हणता का तिले?" एवढंच तिने विचारलं.

"मी कुठी म्हटलं? जाय म्हणतो. मी तं शाळेत विचारलंच नाही, आठ दिवस देता का म्हणून. नाही म्हटलं असतं तं नाही. पण विचारलंच नाही."

ताईने ती ओळ पुसली. मग साइटच्या उन्मेष सरांना फोन लावला. "सर, मला दुसरीकडून विचारणा आहे. उरलेले सिग्नल किती दिवसांत होतील?" ते बराच वेळ खोकले, मग म्हणाले, "बावीस. पुष्करला शेवटच्या आठवड्यात तुझ्या खुर्चीवर बसव, म्हणजे वही त्याच्या हातात जाईल. आणि बाई, ऑफर कागदावर येईपर्यंत राजीनामा देऊ नको."

मग नवं उत्तर लिहिलं. मला ते पाठ आहे. पुण्याला यायची माझी पूर्ण तयारी आहे, पण लगेच नाही. सध्याच्या कामात एकशे बारा तपासण्या बाकी आहेत, त्या बावीस दिवसांत होतील. ऑफर लेटर मिळाल्यावर मी राजीनामा देईन आणि तिथून तीस दिवसांनी रुजू होईन. मधल्या काळात कागदपत्रं देईन, आणखी मुलाखत हवी असल्यास फोनवर देईन. ही तारीख चालेल का, कृपया कळवा. प्लँटचं नाव तिने लिहिलं नाही. ते ग्राहकाचं, बाहेर सांगायचं नसतं, म्हणाली.

चार दिवस काही नाही. मनोहरराव रोज कुंपणावरून नुसती भुवई उडवायचे.

पाचव्या दिवशी नूपुर मॅडम. इस्त्री तीच, पण आवाज जरा मऊ. "अंजू, डिझाइनची जागा भरली. सॉरी हं. पण मॅनेजरने तुमचा मेल वाचून विचारलंय, तो बाकीचा आकडा तुम्हाला तोंडपाठ कसा?"

"वही आहे ना, मॅडम."

"त्यांच्या साइट टीममध्ये पुढच्या महिन्यात जागा आहे. उन्हातलं काम आहे पण."

आईने कपाळाला हात लावला. ताईने हो म्हटलं. ऑफर लेटर दुसऱ्या सोमवारी आलं, राजीनामा त्याच दिवशी गेला.

संच सुरू झाला त्या दिवशी ती बसमधून राखेसकट उतरली आणि दारातच म्हणाली, "वीस दिले." बाबा मांडीवर ठोका धरत म्हणाले, "शंभर."

ठरल्या तारखेला ती गेली. आता तिचा फोन येतो तो कुठल्या तरी बॉयलरच्या खालून. मी तिकडच्या नव्या माणसाचा "बारा" ऐकून ठेवलाय. बरा आहे, पण पुष्करची घरघर त्यात नाही.

आई ते जांभळं लुगडं परवा नेसली. निऱ्या घालताना तिने रेघ पुढे ठेवली. मी ताट घेऊन बसले.

"किती देऊ वं?"

"बारा."